पुस्तकाचे वय, वाचकाचे वय

आपल्या समाजात मुलाच्या हाती पुस्तक देण्याच्या रीतीला एक थोर पूर्वेतिहास आहे आणि त्यातील दाता आपल्याच जिल्ह्याच्या मातीतला आहे. कृष्णराव अर्जुन केळूसकर हे वेंगुर्ले तालुक्यातील केळूस गावचे. मुंबईत शिक्षकाची नोकरी करीत असताना चर्नी रोडच्या बागेत एक विद्यार्थी नेमाने वाचत बसलेला त्यांना दिसे. त्यांनी त्याची विचारपूस केली, त्याला पुस्तके पुरवली आणि पुढे त्याच्या सत्काराच्या सभेत स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्याच्या हाती ठेवले. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. ही कथा आपल्यापैकी प्रत्येकाने जयंतीच्या भाषणांत ऐकलेली आहे. तिच्यातील एका तपशिलाकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. तो तपशील म्हणजे पुस्तक हाती आले तेव्हाचे वाचकाचे वय.

चरित्रकार हा सत्कार १९०७ साली, मॅट्रिकच्या परीक्षेनंतर झाल्याचे सांगतात. म्हणजे तेव्हा भीमराव सोळा वर्षांचे होते. खुद्द बाबासाहेबांनी मात्र ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या आणि त्यांच्या हयातीत अप्रकाशित राहिलेल्या प्रस्तावनेत, हे पुस्तक इंग्रजी चौथीची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर मिळाले असे म्हटले आहे. इंग्रजी चौथी ही मॅट्रिकच्या तीन इयत्ता अलीकडची. त्या हिशेबाने वाचक तेरा वर्षांच्या आसपासचा ठरतो. इतिहासाच्या अभ्यासकाने या दोन नोंदी समोरासमोर ठेवाव्यात आणि त्यांचा निवाडा पुराव्यांवर सोडावा. आपल्या विषयापुरते इतके पुरे, की कोणतीही नोंद खरी धरली तरी १८९८ साली प्रौढ वाचकांसाठी लिहिलेले चरित्र एका शाळकरी मुलाने वाचले आणि ते त्याच्या मनात आयुष्यभर राहिले.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील, की मुलाच्या वयाचा विचार न करता मोठा ग्रंथ दिला तरी चालतो. आपल्याकडे व्यवहारात तसेच घडते. परंतु त्या प्रस्तावनेतच याचे उत्तर आहे. घरात वडील मुलांकडून रामायण-महाभारताचे वाचन करून घेत, हे बाबासाहेब सांगतात. आपण बुद्धाकडे रिकाम्या मनाने गेलो नाही, तुलना करण्याइतकी पूर्वतयारी आपल्यापाशी होती, या आशयाचे विधानही ते करतात. सुभेदार रामजींनी मुलाकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांच्या भाषांतरमाला करून घेतल्याचे चरित्रकार नोंदवतात. ती पुस्तके मुळातच पायरीपायरीने रचलेली होती. म्हणजे अक्षरांची तयारी झाली होती, आशयाची झाली होती, आणि देणाऱ्याने घेणाऱ्याला वाचताना प्रत्यक्ष पाहिले होते. या तिन्ही गोष्टी जुळल्या म्हणून ती भेट फळली.

यातून मी जे शिकलो ते थोडक्यात असे. प्रत्येक पुस्तकाला दोन वये असतात. एक त्याच्या अक्षरांचे आणि वाक्यांचे, दुसरे त्याच्या आशयाचे. मुलालाही तशीच दोन वये असतात. एक शाळेच्या दाखल्यावरचे, दुसरे वाचनाचे. मलपृष्ठावर छापलेला ‘वय ८ ते १२’ हा आकडा या चारांपैकी बहुधा एकाचाच अंदाज देतो, तोही सर्वसाधारण शहरी मुलाच्या हिशेबाने. निवासी शाळेत, जिथे एकाच वर्गात अकरा वर्षांपासून चौदा वर्षांपर्यंतची मुले निरनिराळ्या परिस्थितीतून येऊन बसतात, तिथे त्या आकड्यावर विसंबणे फार धोक्याचे.

प्रथम बुक्सने काढलेल्या मराठी पुस्तकांवर वयाऐवजी पातळी छापलेली असते. पहिल्या पातळीची गोष्ट सुमारे २५० शब्दांच्या आत, दुसरीची ६०० पर्यंत, तिसरीची १५०० पर्यंत आणि चौथीची त्याहून मोठी. वाचायला शिकणाऱ्यापासून सफाईने वाचणाऱ्यापर्यंतच्या या चार पायऱ्या आहेत. वयाच्या शिक्क्यापेक्षा ही पद्धत पुष्कळ बरी, कारण तेरा वर्षांचा मुलगा पहिल्या पातळीचे पुस्तक हाती धरतो तेव्हा मलपृष्ठ त्याला हिणवत नाही. पण शब्दसंख्येलाही मराठीत मर्यादा आहे. आपली भाषा प्रत्यय जोडत जाते. ‘घर’, ‘घराला’, ‘घरासमोरच्यांनासुद्धा’ हे मोजणीत प्रत्येकी एकच शब्द होतात, परंतु मुलाच्या जिभेला आणि डोळ्याला पडणारे श्रम सारखे नसतात. म्हणून शब्द मोजून झाल्यावर पान उघडून जोडाक्षरे किती, रफार किती आणि प्रत्ययांनी लांबलेले शब्द किती, हे पाहावेच लागते.

मराठीची दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. वाचनाच्या पातळीसंबंधी जगभर वापरला जाणारा एक जुना ठोकताळा अमेरिकेतील वाचनतज्ज्ञ एमेट बेट्स यांनी १९४६ साली मांडला. मुलाला शंभर शब्दांचा उतारा मोठ्याने वाचू द्यावा. एखादाच शब्द अडला तर ते पुस्तक त्याने एकट्याने वाचावे. पाचेक शब्द अडले तर शिक्षकाच्या सोबतीने वाचावे. दहा वा अधिक अडले तर ते पुस्तक त्या दिवसापुरते मिटावे, कारण तिथे मूल शिकत नाही, नुसते हरते. मोजणी सोपी आहे आणि मी ती वर्षानुवर्षे वापरतो. परंतु मराठीत ती एकटी वापरली तर फसवते. इंग्रजीत अनोळखी शब्द आला की जीभ अडखळते, कारण स्पेलिंगवरून उच्चार नेमका कळत नाही. देवनागरीत बाराखडी आणि जोडाक्षरे पक्की झालेले मूल अर्थ ठाऊक नसलेला शब्दही सफाईने म्हणून जाते. पाठ्यपुस्तकाच्या आरंभीचे संविधानाचे उद्देशपत्र चौथीचे मूल न अडखळता वाचते. त्यातील ‘सार्वभौम’ म्हणजे काय, हे विचारले की शांतता पसरते.

बेट्स यांच्याही मोजणीत आकलनाचा भाग होताच. घाईत आपण तो गाळतो. म्हणून आमच्याकडे मोजणीनंतर दोन कामे ठरलेली आहेत. पुस्तक मिटायचे आणि वाचलेले आपल्या भाषेत सांगायचे. मग असा एक प्रश्न विचारायचा, ज्याचे उत्तर पानावर शब्दशः लिहिलेले नाही. ‘तो परत का गेला?’ असा. ‘आपल्या भाषेत’ हे शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो. मालवणी बोलणारे मूल ‘तो घरी आला’ या ओळीवर बोट ठेवून ‘तो घराक इलो’ असे वाचते, तेव्हा परीक्षकाच्या कागदावर दोन चुका पडतात. पण ते मूल चुकलेले नसते. त्याने वाक्य समजून घेऊन क्षणार्धात भाषांतर केलेले असते. ‘आला’ ऐवजी ‘आणा’ वाचणाऱ्याची चूक निराळी, कारण तिथे वाक्याचा अर्थच मोडतो. पहिल्या प्रकारची चूक मोजायची नाही, दुसऱ्या प्रकारची मोजायची. हा भेद न केल्यास किनाऱ्यावरच्या आणि वाड्यावस्त्यांवरच्या मुलांची पातळी आहे त्याहून खाली लिहिली जाते आणि मग खालचीच पुस्तके त्यांच्या वाट्याला येतात.

आता एका मुलाची गोष्ट तपशिलाने सांगतो. तो किनाऱ्यावरच्या गावातून सहावीत आमच्याकडे आला. वय बारा पूर्ण. घर दोनदा बदलल्यामुळे शाळा अधूनमधून सुटलेली. ‘प्रथम’च्या ‘असर’ पाहणीत २००५ पासून जी चाचणी वापरतात, तीच पहिल्या आठवड्यात घेतली. ती चार पायऱ्यांची आहे: अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा चार वाक्यांचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. आरंभ परिच्छेदापासून करायचा. तो वाक्याच्या लयीत, तीनपेक्षा अधिक चुका न करता वाचला तर गोष्टीकडे जायचे, नाहीतर शब्दांकडे उतरायचे. या मुलाने परिच्छेद एकेक शब्द सुटा करून वाचला आणि पाच ठिकाणी अडला. पाच शब्दांपैकी चार मात्र बरोबर वाचले. म्हणजे चाचणीच्या भाषेत तो ‘शब्द’ पातळीवर होता. सहावीची पाठ्यपुस्तके त्याच्यासाठी बंद दाराआड होती.

पातळी कळली तरी काम अर्धेच होते. पुढचा प्रश्न होता, तो नेमका कुठे अडतो? त्याने चुकीचे वाचलेले शब्द एका कागदावर उतरवले. ‘सूर्य’चे ‘सुरय’ झाले होते, ‘प्रकाश’चे ‘परकाश’, ‘गर्दी’चे ‘गदी’. ‘होडी’, ‘माणूस’, ‘बाजार’ हे शब्द सरळ गेले होते. काना, मात्रा, वेलांटी, उकार येत होते. अडचण होती ती जोडाक्षरांची आणि त्यातही ‘र’च्या निरनिराळ्या रूपांची. अशा मुलाला कमी जोडाक्षरांचे पुस्तक हवे. कपाटात तशी पुस्तके होती. पण त्यांत चिमणी घरटे बांधत होती आणि सशाची टोपी हरवली होती. त्याने एक पुस्तक चाळले, शेजारचा सातवीतला मुलगा पाहतो आहे असे दिसताच ते उलटे ठेवले आणि पुन्हा हाती घेतले नाही. अक्षरांचे वय जुळले होते, आशयाचे जुळले नव्हते. बारा वर्षांच्या ज्या मुलाने पहाटे रापण ओढली आहे, त्याला टोपी हरवलेल्या सशाचे काय कौतुक?

बाजारात या दोन टोकांच्या मधली मराठी पुस्तके फार थोडी आहेत. मोठ्या मुलाचा आशय आणि लहान मुलाची वाक्यरचना असे पुस्तक शोधणे हेच खरे कठीण काम. जिथे ते मिळत नाही तिथे पान घरी तयार करावे लागते. त्या मुलाला रापणीविषयी सांगायला बसवले. तो मालवणीत बोलत गेला, मी लिहीत गेलो. मग दोघांनी मिळून ते प्रमाण मराठीत आणले. साठ-सत्तर शब्दांचे पान झाले. दोर, होडी, वाळू, जाळे, बांगडे, तारली, वाटा असे त्याच्या रोजच्या जगातले शब्द. वाक्य चार ते सहा शब्दांचे. संपूर्ण पानात जोडाक्षरे तीनच आणि तीही पुन्हा पुन्हा येणारी. आधी तो हे पान स्मरणातून म्हणत होता, वाचत नव्हता. हे ओळखण्याची खूण सोपी आहे. वाक्यांचा क्रम बदलून द्यावा. स्मरणातून म्हणणारे मूल जुनाच क्रम म्हणते. चौथ्या दिवशी क्रम बदलूनही त्याने बरोबर वाचले, तेव्हा दुसरे पान केले. त्यात रफाराचे शब्द मुद्दाम वाढवले: सूर्य, वर्ष, गर्दी, मार्ग.

अशी अकरा पाने झाली. त्यानंतर दुसऱ्या पातळीची छापील पुस्तके दिली, तीही होडी, सायकल, पाऊस, प्राणी यांची माहिती देणारी. माहितीच्या पुस्तकाचा एक गुण असा, की त्यात लहान वाक्य बालिश वाटत नाही. गोष्टीत लहान वाक्य लाडिक होऊ लागते, माहितीत ते नेमके वाटते. उशिरा वाचू लागलेल्या मुलासाठी माहितीचे पुस्तक आधी आणि गोष्टीचे नंतर, हा क्रम मला पुष्कळदा उपयोगी पडला आहे. दिवाळीच्या सुटीपूर्वी तो शंभर शब्दांत पाच ठिकाणी अडत होता. सहावीची पातळी अजून दूर होती आणि वर्षअखेरपर्यंतही ती पूर्णपणे आली नाही. पण ‘किशोर’चा अंक त्याने स्वतः मागून नेला आणि त्यातली कोडी व चित्रांखालच्या ओळी आधी वाचल्या. मासिकाची ही सोय मोठी आहे. एकाच अंकात निरनिराळ्या पातळ्यांचे मजकूर असतात आणि कोण कुठले पान वाचतो आहे हे बाहेरून कळत नाही.

याच्या उलट उदाहरण एका नऊ वर्षांच्या मुलीचे. ती आठवीच्या पाठ्यपुस्तकातला उतारा एकही चूक न करता वाचते. घरच्यांना अर्थातच अभिमान वाटतो आणि ते तिच्यासाठी मोठमोठी आत्मचरित्रे आणतात. दलित आत्मकथनांतील अपमानाचे, उपासमारीचे आणि हिंसेचे प्रसंग वाचण्याची तिच्या डोळ्यांची तयारी आहे, मनाची अजून नाही. ते आपले साहित्य आहे, तिने ते वाचायलाच हवे. पण जातीचा अर्थ ज्या वयात प्रश्न विचारून समजून घेता येतो, त्या वयात, आणि शेजारी उत्तर देणारे माणूस असताना. अशा मुलीला कठीण पुस्तकापेक्षा विपुल पुस्तके द्यावीत. तिच्या वयाच्या आशयाची, मोठ्या आकाराची, लांब कथानकाची. तिची अक्षरांची भूक अशी भागते आणि आशय तिच्या गतीने वाढतो.

आता आपल्या घरोघरी असलेल्या ग्रंथाविषयी. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ परीक्षेतील यशाबद्दल मुलांना देण्याची आपली प्रथा आहे आणि वसतिगृहातील पेट्यांत तो कोऱ्या कव्हरात जपून ठेवलेला मी पाहिला आहे. तो मुलांसाठी नाही, असे मी म्हणणार नाही. त्या ग्रंथाला एकच वाचनवय नाही, असे माझे म्हणणे आहे. बाबासाहेबांनी त्याची रचना क्रमांक दिलेल्या छोट्या छोट्या विधानांत केली. त्यामुळे मोठ्या ग्रंथातही मुलाला थांबण्याच्या जागा मिळतात. पहिल्या खंडातील सिद्धार्थाचे बालपण, देवदत्ताने बाण मारलेल्या हंसाचा प्रसंग आणि रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात उठलेला वाद हे भाग सहावी-सातवीच्या मुलाला शिक्षकाच्या सोबतीने पेलतात. पाण्याच्या पाळीवरून होणारी भांडणे त्याने वाडीत पाहिलेली असतात. संघाच्या बहुमताविरुद्ध उभा राहिलेला तरुण त्याला समजतो. चौथ्या खंडातील धर्म आणि धम्म यांतील भेद, कर्म आणि पुनर्जन्म यांची चर्चा मात्र अकरावी-बारावीच्या आधी वाचली तर शब्द तेवढे तोंडून जातात.

रोहिणीच्या प्रसंगाचे पान मी सातवीत असे वाचून घेतो. आधी फळ्यावर सिद्धार्थ, शाक्य, कोलिय, सेनापती, संघ हे पाच शब्द लिहून त्यांचे उच्चार पक्के करतो, कारण विशेषनामांवर अडल्याने मुलाची सारी शक्ती खर्च होते. शंभर शब्दांच्या मोजणीत एकच नाव पाचदा अडले तरी ती एक चूक धरतो. मग एकावेळी पाच-सहा विधाने वाचून थांबतो आणि विचारतो, ‘तू संघात असतास तर मत कोणाला दिले असतेस?’ ज्यांना उत्तर देता येते त्यांच्यासाठी ते पान योग्य. ज्यांना येत नाही त्यांना तोच प्रसंग मी तोंडी सांगतो. ऐकून समजण्याचे वय वाचून समजण्याच्या वयाच्या पुढे असते, म्हणून वाचता न येणारा मुलगाही त्या चर्चेत मागे राहत नाही.

आमच्या ग्रंथालयात आता पुस्तके इयत्तेप्रमाणे लावलेली नाहीत. ती विषयाप्रमाणे आहेत: समुद्र, प्राणी, इतिहास, धम्म, खेळ, गोष्टी. वाचनाची पातळी दाखवणारी रंगीत पट्टी मलपृष्ठाच्या आतल्या बाजूस चिकटवलेली असते. ती पाठीवर लावली तर दूरवरून दिसते आणि मोठा मुलगा खालच्या रंगाकडे हात नेत नाही. पट्टीचा रंग ठरवताना त्या पुस्तकातील मधले पान निवडून तीन वेगवेगळ्या मुलांकडून वाचून घेतो. पहिले पान लेखक सोपे ठेवतो, त्यावर निर्णय करीत नाही.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना एवढेच सांगावेसे वाटते, की पुढच्या जयंतीला पुस्तक आणण्यापूर्वी कोणत्या मुलासाठी आणायचे ते विचारा. तुम्ही विचाराल तेव्हा त्याची इयत्ता आणि वय तर आम्ही सांगूच, पण तो कोणत्या रंगापर्यंत आला आहे आणि त्याला कशाविषयी बोलायला आवडते हेही सांगू. आज तुटवडा आहे तो दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी लहान वाक्यांत लिहिलेल्या माहितीपर मराठी पुस्तकांचा. ती मिळाली नाहीत, तर तुमच्या स्वतःच्या कामाविषयी दोन पाने लिहून पाठवा. गोदीतले काम, रुग्णालयातली रात्रपाळी, एसटीची कार्यशाळा, काहीही चालेल. वाक्ये लहान ठेवा, जोडाक्षरे बेताने वापरा. पुढच्या वर्षी सहावीत येणारी काही मुले वाचनाच्या वाटेवर त्याच जागी थांबलेली असतील आणि त्यांच्यासाठी बारावे पान अजून लिहायचे आहे.